घरात एकाला टीबी निघाला: बाकीच्यांची तपासणी आणि मुलांचं प्रतिबंधात्मक औषध – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीबी मोठ्या माणसाला झालाय. मुलं तर हसतखेळत आहेत. त्यांना कशाला तपासायचं?

कारण टीबीचा जंतू शरीरात शिरणं आणि टीबीचा आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लहान मुलांमध्ये पहिल्यापासून दुसरीपर्यंतचं अंतर फार कमी असतं. जंतू शिरला की मोठ्या निरोगी माणसाचं शरीर बहुतेक वेळा त्याला कोंडून ठेवतं. अशा शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. तान्ह्या बाळाला ही कोंडी जमत नाही. टीबीवर औषधं नव्हती त्या काळातल्या नोंदी सांगतात, की संसर्ग झालेल्या वर्षाच्या आतल्या बाळांपैकी निम्म्यांच्या आसपास बाळं आजारी पडत. त्यातल्या काहींचा आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोचायचा किंवा रक्तावाटे अंगभर पसरायचा. दोन वर्षांनंतर हा धोका उतरू लागतो, पण पाच वर्षांपर्यंत तो दुर्लक्ष करण्याइतका कमी होत नाही.

आणि हे सगळं लवकर घडतं. मुलं आजारी पडायची असली तर बहुधा संसर्गानंतर वर्षभरातच पडतात. म्हणून आज ठणठणीत दिसणारं मूल हेच प्रतिबंधात्मक औषधाचं मूल. त्याची तब्येत बिघडण्याची वाट पाहिली तर ती संधी निघून जाते.

पण रुग्णाची औषधं सुरू झालीत. आता तो दुसऱ्याला लावत नाही ना?

योग्य औषधं नियमित सुरू झाली की फैलाव झपाट्यानं कमी होतो, हे खरं आहे. पण मुलांचा प्रश्न मागच्या महिन्यांचा आहे. निदान होईपर्यंत खोकला बरेचदा महिना-दोन महिने चाललेला असतो. त्या काळात मूल त्याच्या मांडीवर बसलं, त्याच्या कुशीत झोपलं. जंतू शिरायचा असला तर तो तेव्हाच शिरला. आजपासून मास्क लावला, खिडक्या उघड्या ठेवल्या तरी झालेला संसर्ग मागे जात नाही. तो आजारात बदलू नये यासाठी औषध आहे.

तपासणीसाठी ‘घरातले’ म्हणजे नेमके कोण?

रुग्णाचे उपचार सुरू होण्याआधीचे तीन महिने डोळ्यांसमोर आणा. त्या काळात एक रात्र जरी त्याच छताखाली काढली असेल, किंवा दिवसाचे बरेच तास त्याच बंद जागेत वारंवार घालवले असतील, ते सगळे यात आले. यादी करताना हमखास सुटतात ती पुढची माणसं: दिवसभर सांभाळायला सोडलेलं भाचरू, रोज संध्याकाळी येऊन बसणारा मामा, सुट्टीत राहून गेलेली आणि आता आपल्या घरी परतलेली मुलं. नातं काय आहे हे महत्त्वाचं नाही. हवा वाटून घेतली का, एवढंच पाहायचं.

तपासणीत काय करतात?

आधी प्रश्न विचारतात. मोठ्यांना चार: खोकला आहे का, ताप येतो का, वजन उतरलंय का, रात्री घामानं कपडे भिजतात का. लहान मुलांमध्ये घामाऐवजी इतर गोष्टी बघाव्या लागतात. खोकला, ताप, आणि मूल अंग धरतंय का? पूर्वीसारखं खेळतं की कोपऱ्यात बसून राहतं, लवकर दमतं?

यातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे वजन, आणि तोच सर्वांत जास्त निसटतो. मूल बारीक आहे की गुटगुटीत, हे नजरेनं ठरवू नका. लसीकरणाच्या कार्डावरची मागची वजनं घेऊन जा. तीन-चार महिने वजनाची रेघ आडवी गेली असेल, तर ते मूल ‘काही त्रास नाही’ या गटातलं नाही, घरचे काहीही म्हणोत. लहान वयात वजन न वाढणं म्हणजे मोठ्या माणसाचं वजन उतरण्यासारखंच आहे.

मानेत गाठी आहेत का तेही हातानं चाचपून बघतात. शक्य असेल तिथे छातीचा एक्स-रे काढतात. मात्र पाच वर्षांखालच्या मुलाला कसलंच लक्षण नसेल आणि एक्स-रेची सोय नसेल, तर तेवढ्यासाठी प्रतिबंधात्मक औषध अडवून धरू नये. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणंही हेच आहे.

मूल बेडका काढू शकत नाही. मग त्याला टीबी आहे की नाही हे कळणार कसं?

मूल खोकून वर आलेलं सगळं गिळून टाकतं, म्हणून नमुना पोटातून घ्यावा लागतो. सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातला द्रव काढतात. आता शौचाचा नमुनाही जनुकीय चाचणीसाठी चालतो, आणि त्यात मुलाला काहीच त्रास होत नाही.

पण एक गोष्ट आधीच समजून घ्या. मुलांच्या आजारात जंतूंची संख्या कमी असते, त्यामुळे खरोखर आजारी असलेल्या अनेक मुलांचे नमुने निगेटिव्ह येतात. पॉझिटिव्ह आला तर टीबी आहे. निगेटिव्ह आला म्हणून टीबी नाही, असं मात्र म्हणता येत नाही. घरात रुग्ण आहे, वजन थांबलंय, एक्स-रेमध्ये छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसतात, एवढं जुळलं तर डॉक्टर नमुन्याविनाही उपचार सुरू करतात, आणि ते बरोबरच असतं.

एखाद्या घराचं उदाहरण घेऊन सांगाल का?

समजा, वडील 34 वर्षांचे. दोन महिने खोकला होता, थुंकीत जंतू सापडले, आणि नेहमीच्या औषधांना ते दाद देणारे आहेत. घरात त्यांची बायको, आई, 9 वर्षांची थोरली मुलगी, 3 वर्षांचा मुलगा आणि 8 महिन्यांची धाकटी.

आजींना खोकला आहे. घरच्यांच्या मते तो ‘म्हातारपणाचा’. अशी समजूत करून घेऊन पुढे जायचं नसतं, म्हणून त्यांचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी होते. दोन्ही नीट निघतात. बायकोला काही त्रास नाही, तिचाही एक्स-रे स्वच्छ.

थोरलीचं वजन 24 किलो. खोकला नाही, ताप नाही, वजन वाढतंय, एक्स-रे स्वच्छ. धाकटी 7.2 किलोची, अंगावर पिते, हसते, तिची वजनाची रेघही वर जाते. दोघींना प्रतिबंधात्मक औषध सुरू होतं.

आता मधला. तो धावतो, भांडतो, खातो. आई म्हणते, “ह्याला काही झालेलं नाही.” कार्ड काढलं तर पाच महिन्यांपूर्वीचं वजन 11.9 किलो आणि आजचं 11.8. नीट विचारल्यावर कळतं, की तीन आठवडे अधूनमधून खोकतोय, एकदा खोकल्याचं औषध घेऊनही तो गेला नाही. एक्स-रेमध्ये फुप्फुसाच्या मुळाशी गाठी फुगलेल्या दिसतात. शौचाची चाचणी निगेटिव्ह येते. तरीही सगळं जोडून पाहता त्याला टीबीचा आजारच आहे, आणि त्याला प्रतिबंधात्मक नव्हे तर पूर्ण उपचार लागतात. असा सौम्य आजार असलेल्या मुलांना चार महिन्यांचे उपचार सहा महिन्यांइतकेच गुणकारी ठरतात, हे शाइन नावाच्या चाचणीत दिसलं. तिचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले.

कार्ड न बघता तिन्ही मुलांना सरसकट प्रतिबंधात्मक गोळ्या दिल्या असत्या, तर त्याचा आजार अर्धवट औषधांनी दबून राहिला असता. म्हणून क्रम कधीही बदलायचा नाही. आधी आजार नाही याची खात्री, मग प्रतिबंध. एवढं आवर्जून सांगतो, कारण घाई या एकाच ठिकाणी महाग पडते.

प्रतिबंधात्मक औषधामुळे जंतू औषधाला दाद देईनासे होणार नाहीत का?

ही भीती डॉक्टरांनाही वाटते, तेव्हा तुम्हाला वाटली तर नवल नाही. आजारी फुप्फुसात जंतू कोट्यवधी असतात. एवढ्या गर्दीत एखाद-दुसरा जंतू एखाद्या औषधाला जन्मतःच न जुमानणारा असतो. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच पिलावळ वाढते. म्हणून आजारात तीन-चार औषधं एकत्र देतात. नुसता संसर्ग असलेल्या मुलात मात्र जंतू इतके थोडे असतात, की त्यांत असा हट्टी जंतू असण्याची शक्यता जवळपास नसते. तिथे एक-दोन औषधं पुरतात. धोका औषधात नाही, आजार नजरेतून निसटण्यात आहे. तपासणी नीट झाली असेल तर ही भीती बाजूला ठेवा.

मांटू चाचणी किंवा रक्ताची चाचणी केल्याशिवाय औषध सुरू करतात, हे योग्य आहे का?

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हो. या चाचण्या संसर्ग झालाय का ते सांगतात, पण संसर्गानंतर त्या पॉझिटिव्ह व्हायला दोन-अडीच महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. कुपोषित किंवा अगदी लहान मुलांत त्या खोट्या निगेटिव्हही येतात. तोवर थांबायचं तर नेमक्या धोक्याच्या महिन्यांत मूल उघड्यावर राहतं. मोठ्या मुलांत आणि मोठ्या माणसांत चाचणीचा उपयोग होतो. त्वचेवरच्या मांटू चाचणीत 48 ते 72 तासांनी हात दाखवायला परत जावं लागतं, आणि तिथे लाली नव्हे तर हाताला लागणारा घट्ट फुगवटा मोजतात. रुग्णाच्या घरातल्या माणसात तो 5 मिलिमीटर किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. चाचणीची सोयच नसेल, तर तेवढ्यावरून औषध नाकारायचं कारण नाही.

औषध कोणतं आणि किती दिवस?

तीन रीती जास्त प्रचलित आहेत. सर्वांत जुनी म्हणजे आयसोनियाझिड रोज, सहा महिने. दुसरी आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन एकत्र, रोज, तीन महिने. तिसरी आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा, असे बारा डोस. तुमच्या मुलाला कोणती, हे त्याचं वय, त्याची इतर औषधं आणि काय उपलब्ध आहे यावर डॉक्टर ठरवतात. एचआयव्हीची औषधं चालू असतील तर ते आधी सांगाच, कारण रिफाम्पिसिन त्यातल्या काहींचा परिणाम कमी करतं.

मुलांसाठी पाण्यात विरघळणारी जोडगोळी मिळते. तिच्यात 50 मिलिग्रॅम आयसोनियाझिड आणि 75 मिलिग्रॅम रिफाम्पिसिन असतं. 4 किलोपासून 8 किलोच्या आत असलेल्या मुलाला एक गोळी, 8 ते 12 च्या आत दोन, 12 ते 16 च्या आत तीन, 16 ते 25 च्या आत चार. 25 किलोपासून मोठ्यांच्या गोळ्या.

वरच्या घरातल्या धाकटीला 7.2 किलोला एक गोळी सुरू झाली. महिन्यानं वजन भरलं 8.1, तेव्हा गोळ्या दोन झाल्या. हे घरच्यांना चमत्कारिक वाटतं, ‘अचानक दुप्पट?’ म्हणून विचारतात. पण बाळ वाढलं आणि डोस तोच राहिला, तर तो कमी पडतो. दर महिन्याला गोळ्या आणायला जाल तेव्हा मुलाला सोबत न्या आणि वजन करून घ्या. नुसता बाप जाऊन पाकीट घेऊन आला, की हीच गोष्ट राहून जाते.

गोळी मूल घेत नाही, ओकून टाकतं. काय करायचं?

चमच्या-दोन चमच्यांपुरत्या पाण्यात विरघळवा आणि लगेच द्या. पेलाभर पाण्यात टाकली तर मूल अर्धा पेला पिऊन तोंड फिरवतं, आणि किती पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही. रिकाम्या पोटी औषध लवकर शोषलं जातं, पण मळमळत असेल तर थोडं खायला घालून द्यायला हरकत नाही. अर्ध्या तासाच्या आत सगळं ओकलं तर डोस पुन्हा द्यायचा असतो. रोज असंच होऊ लागलं तर औषध बंद करू नका, दाखवून घ्या.

वेळ ठरलेली असावी आणि देणारं माणूस एकच असावं. ‘आईनं दिलं असेल’ आणि ‘आजीनं दिलं असेल’ या दोन वाक्यांमध्ये अनेक डोस हरवतात.

दुष्परिणाम?

लघवी, घाम, अश्रू नारिंगी होणं हा रिफाम्पिसिनचा रंग आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी सांगितलं नसेल तर आईबाप हादरतात.

लक्ष ठेवायचं ते यकृताकडे. मुलांत यकृताला सूज येण्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा कमी असतं, पण ती येऊ शकते. मूल जेवण एकदम टाकू लागलं, वारंवार ओकू लागलं, पोटात दुखतं म्हणू लागलं, डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रिफाम्पिसिनच्या नारिंगी लघवीमुळे काविळीची गडद लघवी ओळखता येत नाही, म्हणून उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग बघायची सवय लावा.

आयसोनियाझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात. कुपोषित, एचआयव्ही असलेल्या आणि फक्त आईच्या दुधावर असलेल्या मुलांना त्यासाठी सोबत बी-6 जीवनसत्त्व देतात.

काही दिवस डोस चुकले तर पहिल्यापासून सुरुवात करायची का?

दोन आठवड्यांपेक्षा कमी खंड पडला असेल तर बहुधा नाही. औषध पुन्हा सुरू करायचं आणि चुकलेले दिवस शेवटी वाढवून भरून काढायचे. एका दिवशी दोन डोस कधीच द्यायचे नाहीत. खंड मोठा असेल तर मुलाची लक्षणं पुन्हा तपासून डॉक्टर ठरवतात. चुकल्याचं लपवू नका. ते कळलं तरच पुढचा हिशेब बरोबर लागतो.

आईलाच टीबी आहे. बाळाला अंगावर पाजायचं का?

पाजायचं. दुधातून टीबी होत नाही, आणि दुधात उतरणारी औषधं इतकी थोडी असतात की त्यांनी बाळाला अपाय होत नाही. त्याच कारणानं ती बाळाचं संरक्षणही करू शकत नाहीत, त्यामुळे बाळाला स्वतःचं औषध लागतंच. पाजताना आईनं मास्क लावावा, खोलीत हवा खेळती असावी. ‘बाळाला आजीकडे पाठवा’ हा सल्ला बहुतेक घरांत चुकीचा असतो. दूध तुटलं तर बाळाचं नुकसान निश्चित होतं. आई फार आजारी असेल किंवा तिचा टीबी औषधांना दाद न देणारा असेल, तर डॉक्टर वेगळा विचार करतात.

बाळ नुकतंच जन्मलेलं असेल तर बीसीजी थोडी पुढे ढकलतात. आयसोनियाझिड लशीतल्या जिवंत जंतूंनाही मारतं आणि लस वाया जाते. औषध संपल्यावर ती द्यायची असते, आणि नेमकी तीच विसरली जाते. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

बीसीजी आधीच दिलीय. तरी औषध हवंच का?

हवंच. बीसीजी मुलांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून बऱ्यापैकी वाचवते, पण घरात रोज खोकणारा रुग्ण असताना तेवढं पुरत नाही. औषध ठरवताना लशीचा व्रण आहे की नाही हे पाहत नाहीत.

रुग्णाची भांडी, कपडे वेगळे ठेवावेत का?

गरज नाही. टीबी हवेतून पसरतो, ताटातून नाही.

रुग्णाचा टीबी औषधांना दाद न देणारा आहे. मग मुलांचं काय?

तेव्हा नेहमीच्या गोळ्या उपयोगाच्या नसतात. म्हणून तपासणीला जाताना रुग्णाच्या औषध-प्रतिरोध चाचणीचा अहवाल बरोबर न्या. मुलाचं औषध त्या कागदावर ठरतं. रिफाम्पिसिनला दाद न देणाऱ्या रुग्णाच्या घरच्यांसाठी लिव्होफ्लॉक्सासिन रोज, सहा महिने, असा पर्याय आहे. दक्षिण आफ्रिका आणि व्हिएतनाममध्ये झालेल्या दोन चाचण्यांनंतर 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची शिफारस केली. पण रुग्णाचे जंतू त्या औषधालाही जुमानत नसतील तर तेही चालत नाही. अशा मुलांना औषध मिळो वा न मिळो, दोन वर्षं ठरावीक काळानं तपासत राहावं लागतं.

कोर्स पूर्ण झाला. आता मुलाला टीबी होणारच नाही ना?

धोका पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. हे औषध लशीसारखं नाही, ते फक्त आत शिरलेल्या जंतूंचा बंदोबस्त करतं. पुढे घरात दुसऱ्या कुणाला टीबी निघाला तर तपासणी आणि औषध पुन्हा नव्यानं करावं लागतं, मागचा कोर्स त्याला चालत नाही. कोर्स संपल्यावरही दोनेक वर्षं वजनाची नोंद ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप राहिला, वजन थांबलं, तर दाखवायला नेताना पहिल्याच वाक्यात सांगा: “ह्याच्या घरात टीबीचा रुग्ण होता.” समोरच्या डॉक्टरांना कार्डावरून हे कळत नाही, आणि कळल्यावर त्यांच्या तपासणीची दिशाच बदलते.